मधले अक्षर कसे शोधावे: गाळलेल्या अक्षराच्या कोड्याची नवशिक्यांसाठी ओळख

शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर दिलेले असते, मधली चौकट रिकामी असते आणि त्या चौकटीत असे एकच अक्षर बसवायचे असते की मराठीतला खरा शब्द तयार व्हावा. कोड्याचे स्वरूप इतकेच आहे. उदाहरणासाठी आपल्या शहराचेच नाव घ्या: इं_र. हिंदी पाट्या रोज वाचणारे मूल येथे लगेच ‘दौ’ लिहिते, पण कोडे मराठीचे असल्यामुळे उत्तर ‘दू’ आहे आणि शब्द ‘इंदूर’ आहे. हा ‘दू’ दीर्घ का, हे ठरवणारा एक नियम पुढे येईल. मधल्या अक्षराच्या कोड्यात त्या नियमाइतका उपयोगी पडणारा दुसरा नियम नाही, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

हा लेख इंदुरातल्या त्या मराठी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी आहे, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते पण ज्यांचे शालेय वाचन हिंदीत किंवा इंग्रजीत झाले आहे. गणेशोत्सवातल्या स्पर्धांत अशी कोडी हमखास असतात आणि शब्द ठाऊक असूनही अक्षर चुकल्यामुळे गुण जातात. येथे फक्त तीन अक्षरी शब्दांचा विचार केला आहे, कारण नवशिक्याला बहुतेक वेळा तेच भेटतात आणि त्यांच्यात पद्धत स्पष्ट दिसते.

चौकटीत नेमके काय बसते

एका चौकटीत एक अक्षर बसते. अक्षर म्हणजे एक स्वर, किंवा व्यंजन आणि त्याला लागलेला स्वर यांचा मिळून झालेला एक तुकडा. व्यंजने एकापेक्षा जास्त असली आणि ती जोडाक्षराने एकत्र आलेली असली, तरी शेवटी स्वर एकच असल्यामुळे तो तुकडा एकच अक्षर मानला जातो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि विसर्ग ही स्वतंत्र अक्षरे नव्हेत. ती ज्या अक्षराला लागतात त्याच्याच चौकटीत जातात. त्यामुळे ‘विद्यार्थी’ हा लांबलचक दिसणारा शब्द कोड्यात तीनच चौकटी घेतो: वि, द्या, र्थी. ‘स्वातंत्र्य’ हाही तीन अक्षरी आहे, कारण त्याची अक्षरे स्वा, तं, त्र्य अशी पडतात. ‘संस्कृत’चे मधले अक्षर ‘स्कृ’ आहे आणि ‘अक्षर’ या शब्दाचे मधले अक्षर ‘क्ष’.

नवशिक्याला सर्वांत जास्त अडवतो तो रफार. आपण ‘पर्वत’ म्हणतो तेव्हा कानाला ‘पर्’ आणि ‘वत’ असे दोन तुकडे ऐकू येतात, आणि म्हणून मुले पहिल्या चौकटीत ‘पर्’ लिहायला जातात. लेखनात मात्र अर्धा र पुढच्या व्यंजनाच्या डोक्यावर बसतो आणि त्याच्याच चौकटीत मोजला जातो, त्यामुळे विभागणी प, र्व, त अशी होते. प_त असे कोडे आले तर मधल्या चौकटीत रफारासह पूर्ण ‘र्व’ लिहावा लागतो. ‘तऱ्हा’सारख्या शब्दातला अर्धा ऱ रफाराच्या रूपात लिहिला जात नाही, पण तोही पुढच्याच अक्षराचा भाग असतो, म्हणून तो शब्द दोन अक्षरी ठरतो.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची आहे. ‘महिना’ लिहिताना वेलांटी ‘ह’च्या आधी, म्हणजे ‘म’च्या लगेच पुढे दिसते, आणि हाताने लिहिणारे मूल ती ‘म’ला देऊन टाकते. डोळ्याला ती कोठेही दिसो, वेलांटी ‘ह’चीच आहे आणि मधले अक्षर ‘हि’ आहे.

जे संगणकावर कोडी तयार करतात त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की यंत्र अक्षरे मोजत नाही, चिन्हे मोजते. ‘विद्यार्थी’ या शब्दात यंत्राला 10 चिन्हे दिसतात, कारण हलन्त, काना आणि वेलांट्या ते वेगवेगळ्या धरते. त्या मोजणीवर विसंबून चौकटी आखल्या तर कोडे आरंभीच बिघडते, म्हणून चौकटी हातानेच मोजाव्यात.

शेवटचे अक्षर मधल्याबद्दल काय सांगते

शेवटून दुसऱ्या अक्षराला व्याकरणात उपान्त्य अक्षर म्हणतात. तीन अक्षरी शब्दात मधले अक्षर हेच उपान्त्य असते, आणि मराठी शुद्धलेखनाचे ऱ्हस्व-दीर्घाचे नियम बहुतांशी उपान्त्य अक्षराभोवतीच रचलेले आहेत. म्हणजे कोडे करणाऱ्याने जे अक्षर लपवले आहे, नेमके त्याच अक्षराबद्दल नियम बोलतो, आणि त्यासाठी जी माहिती लागते ती उघड्या असलेल्या शेवटच्या अक्षरात असते. हे नियम मराठी साहित्य महामंडळाने सुचवले आणि महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये मान्य केले. 1972 मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. आज छापील मराठी त्यांनुसारच चालते.

पहिला नियम असा की मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ लिहावा. व_ल पाहिले आणि ‘वकील’ सुचला, तर शेवटचा ‘ल’ साधा आहे हे पाहून ‘की’ दीर्घ लिहायचा. ‘गरीब’, ‘जमीन’, ‘बहीण’, ‘कापूस’, ‘माणूस’, ‘तांदूळ’ हे सारे याच वळणाचे शब्द आहेत, आणि ‘इंदूर’ही त्यांच्यातलाच आहे. दुसरा नियम याच्या उलट बाजूचा आहे: शेवटचे अक्षर दीर्घ स्वराचे असेल तर उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व होतो. म्हणून म_ना या कोड्याचे उत्तर ‘हि’ आहे, ‘ही’ नव्हे. हिंदीत ‘महीना’ असा दीर्घ लिहिला जातो, त्यामुळे येथे इंदूरच्या मुलांकडून फार वेळा चूक होते. ‘पाहुणा’, ‘बाहुली’ आणि ‘गरिबी’ यांचेही मधले अक्षर याच कारणाने ऱ्हस्व आहे.

या दोन नियमांचा सर्वांत सुंदर प्रत्यय, माझ्या मते, मधल्या चौकटीत स्वर एकटा येतो तेव्हा येतो. पा_स आणि दे_ळ ही दोन कोडी घ्या. नवशिका येथे क, ख, ग असे व्यंजनांतून फिरत राहतो आणि काहीच हाती लागत नाही, कारण मधल्या चौकटीत निव्वळ स्वरही बसू शकतो हे त्याच्या ध्यानी येत नाही. उत्तरे ‘पाऊस’ आणि ‘देऊळ’ अशी आहेत, आणि दोन्हीकडे ‘ऊ’ दीर्घ आहे, कारण शेवटी साधे ‘स’ आणि ‘ळ’ आहेत. आता मा_ली पाहा. शेवटी दीर्घ ‘ली’ असल्यामुळे मधला स्वर ऱ्हस्व होतो आणि नियमाप्रमाणे शब्द ‘माउली’ असा लिहावा लागतो. ‘माऊली’ असे लेखन पाट्यांवर आणि पत्रिकांवर सर्रास दिसते, तरी स्पर्धेच्या उत्तरपत्रिकेत ‘उ’च अपेक्षित असतो.

नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो तत्सम शब्दांचा. जे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत, ते आपले मूळ लेखन टिकवतात, मग शेवटचे अक्षर काहीही असो. मं_र या एकाच चौकटीत दोन्ही प्रकार दाखवता येतात. ‘मंजूर’ हा अरबी-फारसीकडून आलेला शब्द आहे, म्हणून नियम लागू होऊन ‘जू’ दीर्घ आहे. ‘मंदिर’ संस्कृत आहे, म्हणून ‘दि’ ऱ्हस्वच राहतो. ‘मधुर’ आणि ‘चतुर’ यांचे मधले अक्षर ऱ्हस्व, तर ‘शरीर’, ‘गंभीर’ आणि ‘मयूर’ यांचे दीर्घ, कारण ते संस्कृतातच तसे आहेत. दुसऱ्या बाजूने प_क्षा पाहिले तर शेवट दीर्घ असूनही ‘परीक्षा’तला ‘री’ दीर्घ राहतो. शब्द तत्सम आहे की नाही हे नेहमी लगेच कळत नाही, पण नवशिक्याला एक खूण पुरते: शब्द स्तोत्रांत किंवा संस्कृत सुभाषितांत त्याच रूपात ऐकलेला असेल, तर नियम लावण्याआधी कोश पाहावा. मधल्या अक्षरात इकार किंवा उकार नसेल तर या साऱ्याचा प्रश्नच येत नाही.

एक कोडे पूर्ण सोडवून: म_र

आता पद्धत प्रत्यक्ष पाहू. मराठी वर्णमालेत 34 व्यंजने शिकवली जातात, आणि बाराखडीची 12 रूपे धरली तर जोडाक्षरांना हात न लावताही चारशेहून अधिक अक्षरे मधल्या चौकटीत बसवून पाहता येतील. इतकी कोणी बसवून पाहत नाही, आणि सुचेल ते अक्षर लिहीत गेले तर निम्मे शब्द सुटतात. म्हणून क्रम ठरवून घ्यावा: आधी साधी अक्षरे, मग काना, मग इकार-उकार, मग जोडाक्षरे, आणि एकार-ओकार सर्वांत शेवटी.

साध्या अक्षरांपासून सुरुवात करून वर्णमालेच्या क्रमाने ‘म’ आणि ‘र’च्या मध्ये एकेक व्यंजन मोठ्याने म्हणत जावे. मकर, मखर, मगर हे तीन शब्द पहिल्याच वर्गात मिळतात. पुढे ‘ट’ला येताच ‘मटर’ कानाला ओळखीचा वाटतो, आणि इंदुरात तो भाजीवाल्याकडे रोज ऐकू येतो, पण मराठीत त्या भाजीचे नाव ‘मटार’ आहे, म्हणून तो शब्द येथे न लिहिता पुढच्या फेरीसाठी ठेवावा. त्यापुढची साधी व्यंजने विशेष काही देत नाहीत.

कान्याच्या फेरीत ‘मटार’ मिळतो आणि ‘दा’ला ‘मदार’ मिळतो, ज्याचा अर्थ भिस्त असा आहे. ‘का’ला ‘मकार’ही होतो, म्हणजे ‘म’ हे अक्षर किंवा त्याचा उच्चार; तो शब्द क्वचित वापरला जातो, पण कोशात आहे, आणि त्याची आठवण पुढे लागणार आहे.

इकाराच्या फेरीत काही हाती लागत नाही. उकाराच्या फेरीत चार चांगले शब्द मिळतात: मजूर, मधुर, मयूर आणि मसूर. शेवटचा ‘र’ साधा आहे, त्यामुळे नियमाने चारही दीर्घ व्हायला हवेत. ‘मजूर’ आणि ‘मसूर’ नियमाप्रमाणे दीर्घ आहेत. ‘मयूर’ तत्सम आहे आणि मुळातच दीर्घ आहे. ‘मधुर’ मात्र तत्सम असून मुळात ऱ्हस्व आहे, त्यामुळे या चौघांत तोच वेगळा पडतो. एकाच चौकटीत हे तिन्ही प्रकार एकत्र येतात, म्हणून नवशिक्याने हे कोडे वहीत लिहून ठेवावे असे मी सुचवीन.

जोडाक्षरांची फेरी बहुतेक जण करतच नाहीत आणि म्हणून चांगली उत्तरे गमावतात. येथे ‘च्छ’ने मच्छर, ‘त्स’ने मत्सर, ‘र्म’ने मर्मर आणि ‘ल्हा’ने मल्हार होतो. जोडाक्षरे सुचावीत यासाठी एक साधा मार्ग आहे. आधी तेच व्यंजन दोनदा जोडून पाहावे, मग रफार लावून पाहावा, आणि मग त्या व्यंजनाला य, र, व, ह यांपैकी एक जोडून पाहावे. मराठीतली बरीच नेहमीची जोडाक्षरे या तीन वाटांनी सापडतात. ‘त्स’सारखी काही त्यांच्याबाहेर राहतात आणि ती वाचनानेच ओळखीची होतात.

आता हाती डझनाहून अधिक शब्द आहेत आणि कोड्याला उत्तर एकच हवे आहे. निवड कोड्यासोबत दिलेले सूचक वाक्य करते. ‘गणपती ज्यात बसवतात’ असे म्हटले असेल तर मखर, ‘बारा राशींपैकी एक’ असेल तर मकर, ‘दुसऱ्याचे चांगले न पाहवणे’ असेल तर मत्सर. ‘पावसाळी राग’ आणि ‘होळकर राज्याच्या संस्थापकाच्या नावातला पहिला भाग’ या दोन्ही सूचना मल्हारकडेच नेतात. मात्र ‘पाण्यातला प्राणी’ एवढीच सूचना असेल तर मगर आणि मकर हे दोन्ही शब्द बसतात, कारण राशीखेरीज मकर म्हणजे मगरीसारखा जलचरही होतो. अशा वेळी सोडवणाऱ्याने रोजच्या वापरातला शब्द, म्हणजे मगर, निवडावा. पण दोष त्याचा नाही, सूचना अपुरी आहे.

हिंदी शब्द कोठे घात करतात

इंदूर, ग्वाल्हेर किंवा अशाच हिंदी प्रदेशातल्या मराठी माणसाला एक वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण रिकामी चौकट पाहताच आधी हिंदी शब्द सुचतो आणि तो इतका सहज बसतो की शंकाही येत नाही. मा_स पाहून ‘मायूस’ लिहिले जाते, खरा शब्द मात्र ‘माणूस’ असतो, आणि सूचना मनाविषयी असेल तर ‘मानस’. चा_ल पाहून ‘चावल’ आठवतो, पण मराठीत तेथे ‘चाहूल’ हा फार छान शब्द बसतो. का_ज पाहून ‘कागज’ लिहिणारे पुष्कळ आहेत. मराठीत आपण कागद म्हणतो, म्हणून ‘ज’ने संपणाऱ्या चौकटीत ‘काळीज’ किंवा ‘काबीज’ शोधावा लागतो, आणि दोन्हींत मधले अक्षर दीर्घ आहे हे आता सांगायची गरज राहिलेली नाही.

यावर उपाय म्हणून एक सवय लावून घ्यावी. सुचलेला शब्द घालून मनात एक पूर्ण मराठी वाक्य तयार करावे, आणि ते वाक्य आजी किंवा आजोबा जसे बोलतील तसे मोठ्याने म्हणावे. ‘आज भाजीवाल्याकडे ताजे मटर आले होते’ असे म्हटले की खटकते आणि ‘मटार’ आपोआप तोंडात येतो. जेथे कान ठरवू शकत नाही तेथे चौकटीच्या कडा पाहाव्यात. उघड्या अक्षरांत ‘ळ’ असेल तर हिंदी शब्दाचा धोका जवळजवळ नसतो, कारण आजच्या प्रमाण हिंदीत ‘ळ’ वापरात नाही. स_ळ हे कोडे म्हणूनच या दृष्टीने निर्धोक आहे, पण अनेक उत्तरे देण्यात ते म_र सारखेच उदार आहे: सकळ, सढळ, सफळ, सबळ, सरळ हे पाचही शब्द तेथे बसतात, आणि ‘मदत करणाऱ्याचा हात असा असतो’ असे सूचक वाक्य दिले तरच ‘सढळ’ निश्चित होतो.

शब्द खरा आहे हे कसे पडताळावे

बहुतेक स्पर्धांत शब्द मूळ रूपात हवा असतो. घ_त या चौकटीत ‘घरात’ बसतो, पण ते ‘घर’ या शब्दाचे विभक्तीचे रूप आहे आणि कोशात स्वतंत्र नोंद म्हणून सापडत नाही, त्यामुळे परीक्षक ते बाद करू शकतात. क्रियापदे ‘णे’ लावून दिलेल्या रूपात चालतात. क_णे अशी चौकट दिसली की करणे, कळणे, कसणे, कढणे असे कितीतरी शब्द बसतात, म्हणून अशा चौकटीत सूचक वाक्याशिवाय उत्तर लिहिण्याची घाई करू नये. व्यक्तींची आणि गावांची नावे चालतात की नाही हे स्पर्धेच्या नियमांत पाहावे.

कोशासाठी दोन जुनी नावे अजूनही उपयोगी आहेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये निघाली; दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडाखंडाने प्रसिद्ध होऊ लागला. दोन्ही आज इंटरनेटवर शोधता येतात. मात्र दोन्ही 1962 च्या नियमांपूर्वीचे आहेत, हे विसरू नये. त्यांत क्रियापदे ‘करणें’ अशी अनुस्वारासह दिलेली असतात, त्यामुळे ‘करणे’ असे लिहून शोधले आणि नोंद मिळाली नाही तर शब्द नाही असे समजण्याचे कारण नाही. अनुस्वार लावून पुन्हा शोधावे. शब्द अस्तित्वात आहे का आणि त्याचा अर्थ काय, हे या कोशांतून पाहावे. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार मात्र आजच्या नियमांवरून ठरवावे.

स्वतः कोडे रचताना

काही दिवस कोडी सोडवल्यावर रचावीशी वाटतात, आणि मंडळात त्यांची गरजही असते. सूचक वाक्य न देता उत्तर एकच ठेवायचे असेल तर एक चांगला प्रकार आहे: दोन-तीन शब्दांच्या मधल्या चौकटीत एकच अक्षर बसले पाहिजे अशी अट घालावी. उदाहरणार्थ म_र, न_र आणि सा_र हे तीन शब्द द्यावेत. रचणाऱ्याच्या मनात ‘ग’ असतो: मगर, नगर, सागर. तो पडताळून पाहतो. ‘क’ ने मकर होतो पण ‘नकर’ होत नाही. ‘ज’ ने नजर होते पण ‘मजर’ होत नाही. नश्वर होतो पण त्याच अक्षराने ‘मश्वर’ होत नाही, आणि साक्षर होतो पण ‘नक्षर’ होत नाही. एवढ्यावर उत्तर एकच आहे असे वाटू लागते.

पण ही पडताळणी फक्त साध्या अक्षरांची आणि जोडाक्षरांची झाली. कान्याची फेरी राहिली. ती केली की ‘का’ समोर येतो: मकार, नकार, साकार. तिन्ही शब्द खरे आहेत, आणि ज्याने हे उत्तर लिहिले त्याला चूक म्हणता येणार नाही. म्हणून सोडवताना जो क्रम सांगितला, त्याच क्रमाने रचणाऱ्यानेही प्रत्येक शब्दासाठी संपूर्ण फेऱ्या केल्या पाहिजेत, आणि प्रत्येक फेरीत मिळालेले शब्द कागदावर उभ्या रकान्यांत लिहिले पाहिजेत. म्हणजे तिन्ही रकान्यांत समान असलेले अक्षर डोळ्यांना दिसते.

दुरुस्ती सोपी आहे. सा_र काढून त्याच्या जागी जा_र ठेवावा. ‘जागर’ हा नवरात्रात घरोघरी ऐकू येणारा शब्द आहे, आणि ‘जाकार’ असा शब्द नाही, त्यामुळे ‘का’ गळतो. ‘जा’च्या रकान्यात ‘जाहीर’ही येतो, पण ‘ही’ने ‘महीर’ किंवा ‘नहीर’ होत नाही, म्हणून तोही गळतो. आता म_र, न_र, जा_र या तिघांना एकत्र बसणारे अक्षर ‘ग’ एवढेच उरते. उत्तरपत्रिकेत ‘ग’ या अक्षरासोबत मगर, नगर, जागर हे तिन्ही पूर्ण शब्द लिहायला सांगावेत, म्हणजे मूल अंदाजाने अक्षर लिहून मोकळे होत नाही आणि परीक्षकालाही प्रत्येक शब्दाचे लेखन तपासता येते.